एका नजरेवर तीन गाड्या

गादीवाले कारखान्याच्या गॅरेजात मशीनवर बसून सीटचं कव्हर शिवत होते. फोरमन आत आला आणि त्याने मशीनचं बटण बंद केलं. टाका अर्धवट राहिला. गादीवाले चिडून वर बघतात तोच फोरमन म्हणाला, "तिसऱ्या बसला क्रॉसिंगवर रेल्वेनं उडवलं."

गादीवाल्यांच्या तोंडून आधी सुस्कारा निघाला. कारण तिसरी बस म्हणजे त्यांची बायको नव्हे. ती पहिल्या बसवर क्लीनर होती. हातमोज्यांच्या कारखान्यातल्या बायकांना शिफ्टला नेणाऱ्या आणणाऱ्या तीन बस होत्या आणि पहिल्या बसच्या दारातली पुढची सीट तिची, हे सगळ्या गॅरेजला ठाऊक होतं. गादीवाल्यांनी माणुसकीने विचारलं, किती लागलंय, ड्रायव्हर वाचला का. ड्रायव्हर वाचला, असं फोरमन म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. बातमी सांगून झाली की माणूस जातो, हा जाईना.

"चला गादीवाले."

"मी कशाला? माझं इथं काम पडलंय."

"चला म्हणतो ना."

गादीवाल्यांनी कात्री जागेवर ठेवली, हात पुसले, जीपकडे गेले. फोरमनने पुढे होऊन त्यांच्यासाठी दार उघडलं आणि म्हणाला, "बसा ना." उभ्या जन्मात हा माणूस कुणाला शिवी घातल्याशिवाय गाडीत बसवत नसे. त्या "बसा ना"ने गादीवाल्यांना सगळं कळलं. पुढे कुणी जे सांगितलं ते नुसते तपशील होते.

घरून कारखान्याकडे जाताना आधी गावातलं फाटक लागे. तिथे माणूस होता, दांडा होता, घंटा होती. कारखान्याजवळचं क्रॉसिंग मात्र उघडं होतं. दोन्ही बाजूंना पाट्या आणि मधे रूळ, एवढंच. पाटीवर लिहिलेलं होतं: थांबा, पाहा, मग जा. अशा ठिकाणी नियम सोपा असतो. गाडी रुळाच्या अलीकडे पार थांबवायची. क्लीनरने खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे बघायचं, कान देऊन ऐकायचं, आणि रेल्वे येत नाही याची खात्री झाली की आपल्या गाडीला पुढे घ्यायचं. क्लीनर नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं. प्रत्येक गाडीने. पुढची गेली म्हणून मागचीने जायचं नाही.

पूर्वी तिन्ही बसवर क्लीनर होते. मग कारखान्याच्या साहेबांच्या डोक्यात आलं, की तीन माणसं तेच रूळ बघतात, त्याच दिशा बघतात, मग तिघांनी कशाला बघायचं? पहिलीची बाई उतरेल, एकदा बघेल, तिघांना एकदम पार करील. एका नजरेवर तीन गाड्या. दोन क्लीनर पॅकिंगला गेले आणि राहिली एकटी ती. तिच्या गळ्यात शिट्टी असे, म्हणून बायका तिला शिट्टीताई म्हणत. साहेबांनी तिला एक झेंडाही दिला. हिरवा. लाल दिला नाही. तिने मागितला तर म्हणाले, "तुम्हाला गाड्या पुढेच घ्यायच्या आहेत ना?"

त्या रात्री जेवताना तिने हे गादीवाल्यांना सांगितलं होतं आणि हसली होती. "अहो, स्वयंपाकघर दिलं आणि पाणी दिलंच नाही, तसलं झालं," म्हणाली. गादीवाल्यांनी आपल्या हाताने लाल रेक्झिनचा तुकडा काठीला शिवून दिला. तो ती बाळगत असे, पण साहेबांसमोर पिशवीत.

तिला नियमांचं वेड नव्हतं, मरण्याची घाई करणाऱ्यांचा राग होता. गावातल्या बंद फाटकाखालून सायकल वाकवून नेणाऱ्याला ती बसमधून ओरडून म्हणे, वाकायची एवढी हौस असेल तर घरी जाऊन केर काढ. समोरून येणाऱ्यांची बाजू अडवून पुढे घुसणाऱ्या मोटारवाल्याला म्हणे, फाटक उघडल्यावर समोरचा काय तुझ्या डोक्यावरून जाणार आहे? एक गाडी गेली की लोक दांडा वर व्हायच्या आत सरसावत. ती म्हणे, अरे थांबा, फाटक अजून खाली आहे म्हणजे दुसरी येतेय, तो गेटमन काय तुमचा दुश्मन आहे? बायका हसत. ड्रायव्हर म्हणत, ताई, तुम्ही मंत्री व्हा. पण तिच्या बसमध्ये कुणी तिच्याआधी उठत नसे.

अपघात कसा झाला ते गादीवाल्यांना काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे शिलाई विभागातल्या म्हाताऱ्या कामगार. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्या तिसऱ्या बसमध्ये होत्या.

एका नजरेच्या पद्धतीत एक गोम होती. ताई खाली उतरून तिन्ही बस पार करणार, मग ती स्वतः चढणार कुठे? पहिल्या बसमध्ये. म्हणजे पहिली बस पलीकडे जाऊन तिच्यासाठी थांबणार. तिच्या मागे दुसरी थांबणार. तिसरीला जागा उरायची ती मोजूनमापून, पहिली बस लांब पुढे जाऊन थांबली तरच. त्या दिवशी कारखान्याच्या वळणावर एक टँकर आडवा लागला होता. पहिलीला पुढे जाता येईना. दुसरी तिला चिकटून थांबली. ताईने ते पाहिलं, तळहात वर केला, शिट्टी फुंकत राहिली. तरी तिसरी बस आलीच. तिचं पुढचं तोंड दुसरीच्या पाठीला लागायच्या बेताला आलं, ड्रायव्हरने दाबून ब्रेक मारला आणि इंजिन बंद पडलं. बसचं धूड बरोबर रुळांवर.

"आम्ही बसूनच राहिलो हो," काकू म्हणाल्या. "तो किल्ली फिरवतोय, गाडी नुसती खोकतेय, आणि आम्ही आपल्या बसलोय. आत्ता होईल सुरू, आत्ता होईल. हिनं दार उघडलं आणि आम्हाला अक्षरशः ओढून काढलं. डबे राहू दे, पिशव्या राहू दे, उतरा. एकीनं चप्पल शोधली तर तिच्या पाठीत धपाटा घातला. मग दूरवर भोंगा ऐकू आला."

रूळ अडलेला असेल तर पळायचं कुठे, हेही ठरलेलं आहे. रुळापासून लांब, पण ज्या बाजूने गाडी येते त्याच बाजूला, तिरकं. ऐकायला उलटं वाटतं. पण रेल्वे अडकलेल्या वाहनाला धडकली की त्याचे तुकडे पुढे उडतात, ती जिकडे चाललीय तिकडे. ताईने बायकांना भोंग्याच्या बाजूला, शेताच्या बांधाकडे पिटाळलं. लाल रेक्झिन एका धडधाकट मुलीच्या हातात दिलं. रुळावर जायचं नाही, बाजूबाजूने रेल्वेच्या दिशेने पळायचं आणि हे जोरात हलवत राहायचं, असं तिला बजावलं. ती मुलगी पळाली. इंजिन ड्रायव्हरने ते पाहिलं आणि ब्रेक लावला. पण रेल्वे म्हणजे सायकल नव्हे. ब्रेक लावल्यावरही ती किती लांब घसरत येते हे ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत.

"मी आणि आणखी एक, आम्ही दोघी घाबरून दुसरीकडे पळालो," काकू म्हणाल्या. "कुंपणाकडे. भोंग्यापासून लांब. माणूस आवाजापासून लांबच पळतो ना? मला काय माहीत. ती आमच्यामागं आली. माझा गुडघा धरला होता. तिनं मला कुंपणामागच्या चरात ढकललं, दुसरीला ढकललं." गादीवाल्यांनीच त्यांना पाणी दिलं.

ड्रायव्हरने शेवटच्या घटकेला उडी मारली. बसचा मागचा भाग कुंपणाच्या दिशेने फेकला गेला.

साहेब घरी आले ते परक्या माणसाने बोलावं तसं बोलत आले. हात जोडले, खुर्चीच्या टोकावर बसले. ताई म्हणजे कारखान्याची शान होती, म्हणाले. क्रॉसिंगच्या बाजूला तिच्या नावाचा फलक लावायचा ठरलाय, पाहुणे बोलवायचे, गादीवाल्यांनी पडदा ओढायचा. आणि लेकीला आईच्या जागी घेऊ. पहिली बस, तीच सीट.

लेक भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या बसवर कोण असेल?

साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. मग आवाज खाली आणून गादीवाल्यांना म्हणाले, "चौकशीत आम्हाला सांगावं लागलं की तिनं हिरवा दाखवला म्हणून बस गेली. माणूस आहे, चूक होते. आम्ही काही ते धरून बसणार नाही."

गादीवाल्यांना क्षणभर कळलंच नाही की हा माणूस आपल्याला क्षमा करतोय. कळलं तेव्हा कानशिलं तापली. म्हणजे फलकावर ती शूर आणि चौकशीत ती दोषी. मेलेल्या बाईच्या एका गालावर मुका घ्यायचा आणि दुसऱ्यावर चपराक मारायची, आणि वर म्हणायचं, आम्ही धरून बसणार नाही. ते म्हणाले, "तिनं तळहात वर केला होता. काकूंनी पाहिलंय."

"म्हाताऱ्या बाई आहेत, घाबरलेल्या होत्या."

"मग प्रत्येक बसवर माणूस द्या. फलक नको."

साहेब समजुतीने हसले. माणसं कुठून आणायची, म्हणाले, आणि त्या रुळावरून गाड्या जातात तरी किती?

"माणूस एकाच गाडीनं मरतो, साहेब," गादीवाले म्हणाले.

साहेब गेल्यावर बापलेकीचं वाजलं. लेक म्हणाली, मी जाणार. गादीवाले म्हणाले, मी जिवंत असेतो नाही. एकीला त्या रुळावर दिलं तेवढं पुरे झालं. लेक म्हणाली, तुम्ही नाही म्हटलं म्हणून ती जागा रिकामी राहणार आहे का? उद्या दुसऱ्या कुणाची तरी आई उभी करतील तिथं. मी निदान थांबवीन.

"थांबवशील? मग साहेब तुला थांबवतील."

"थांबवू देत. बाबा, आईचं काम मला जमतं. गप्प बसणं जमत नाही, ते तुमच्याकडून आलं नाही."

हे त्यांना लागलं, कारण खरं होतं. गादीवाले जन्मभर मान खाली घालून शिवत आले होते. बोलायचं खातं बायकोकडे होतं. ते त्या रात्री स्वयंपाकघरात बसले तर सगळी भांडी जिथल्या तिथे होती आणि राग कुठे ठेवावा ते समजत नव्हतं.

तिसऱ्या बसचा ड्रायव्हर आला तो बऱ्याच दिवसांनी. बसमध्ये सतत गाणी लावायचा म्हणून त्याला सगळे बाजा म्हणत. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. लेकीने त्याच्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

"दादा, मला मारा," तो म्हणाला.

"मारून काय होईल? बस."

मग तो उंबऱ्यावरच बसला आणि बोलला. ताईचा हात त्याला दिसला नव्हता. शिट्टी ऐकू आली नव्हती. काचा बंद, गाणी चालू. रुळाजवळ काचा उघडायच्या आणि गाणी बंद करायची, हे त्याला लायसन्स काढतानाच शिकवलं होतं. "पण दादा, खरं सांगू का? एका नजरेचं सुरू झाल्यापासून आम्ही मागचे दोघं रूळ बघतच नाही. पुढच्याची पाठ बघतो. ती हलली की हलायचं. त्या दिवशीही मी पाठच बघत होतो. तिनं हिरवा दाखवला असं बोल, असं मला सांगितलंय. मी बोललो तसं."

गादीवाले उठले. त्यांचा हात खरोखर उगारला गेला आणि तसाच राहिला. ते इतकंच म्हणाले, "ती तुझ्या डब्यात लोणचं घालायची रे." आणि मग, "किल्ली का फिरवत बसलास? लोक उतरवायचे आधी."

"बस सोडून गेलो तर ड्रायव्हर म्हणून उरलो असतो का? तुम्हाला माहीत आहे आमच्याकडचं. गाडीला ओरखडा आला तरी आधी ड्रायव्हरला उभा करतात. लोक खाली आले का, हे नंतर विचारतात."

"मग आता काय उरलं तुझं?"

दुसऱ्याच दिवशी बाजा रेल्वेच्या चौकशीवाल्यांकडे परत गेला आणि त्याने सांगितलं की तिने हात वर केला होता, मी पाहिला नाही. साहेबांनी त्याला बोलावून विचारलं की तुला आता नव्याने कसं आठवलं. तो म्हणाला, आठवत होतंच, सांगितलेलं विसरलो.

फलकाच्या दिवशी गादीवाल्यांना जायचं नव्हतं. लेक पहिल्या बसवर असणार म्हणून गेले. क्रॉसिंगच्या कारखान्याकडच्या बाजूला मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, आणि पाहुण्यांच्या मोटारी रस्त्याच्या कडेने थेट रुळाजवळपर्यंत लावल्या होत्या. गादीवाल्यांनी ते पाहिलं. ज्या जागेवर बसला थांबायला जागा हवी, नेमकी तीच जागा श्रद्धांजलीने अडवली होती.

साहेब भाषण करत होते. जिवाची पर्वा न करता, म्हणाले. गादीवाल्यांना उठून ओरडावंसं वाटलं. तिने आयुष्यभर दुसरं केलं काय? पर्वाच केली. स्वतःच्या जिवाची, बसमधल्या प्रत्येकीच्या जिवाची, फाटकाखालून वाकणाऱ्या त्या अनोळखी मूर्खाच्या जिवाचीसुद्धा. थांबायचं, बघायचं, ऐकायचं, म्हणजे कुणाला शूर व्हायची पाळीच येत नाही. आधी दोन माणसं काढून घ्यायची, मग तिसरं मेलं की त्याला शूर म्हणायचं, हे म्हणजे विहिरीवरचं झाकण विकून बुडणाऱ्याला हार घालण्यासारखं.

तेवढ्यात शिफ्टच्या बस आल्या. पलीकडे पहिली बस पाटीपाशी थांबली. लेक उतरली. रुळापर्यंत चालत गेली, एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, मान तिरकी करून ऐकलं, अगदी आईसारखी. शिट्टी वाजली, पहिली बस खालच्या गिअरमध्ये सावकाश रूळ ओलांडून आली आणि मोटारींमुळे पुढे जाता येईना म्हणून मांडवासमोरच थांबली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरी बस तिच्या पाठीवर डोळा ठेवून सरकू लागली. लेकीने तळहात वर केला. बस सरकतच होती.

गादीवाले खुर्चीतून कधी उठले ते त्यांना कळलं नाही. रूळ ओलांडायच्या आधी त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, एवढं मात्र त्यांना नंतर आठवत होतं. पलीकडे जाऊन ते पाटीपाशी, दुसऱ्या बसच्या बरोबर पुढे उभे राहिले. बस थांबली. भोंगा वाजला. ते हलले नाहीत.

साहेब मांडवातून आले. चेहऱ्यावर हसू होतं, दात आवळलेले होते. पाहुणे खोळंबलेत, म्हणाले, हे काय चाललंय?

"पलीकडे बसपुरती जागा नाही. आधी मोटारी काढा."

लोक बघत होते, म्हणून साहेबांनी मोटारी काढायला सांगितल्या. पहिली बस पुढे गेली. लेक तिच्यात चढली नाही, रुळाशेजारीच उभी राहिली. जागा झाली. साहेब म्हणाले, झालं आता? या बाजूला.

"नाही झालं. याच्या बसला क्लीनर नाही. म्हणजे त्यानं स्वतः उतरायचं. उतर रे बाबा, बघ, मग जा."

दुसरीचा ड्रायव्हर साहेबांकडे बघू लागला, पगार कुणाकडून येतो तिकडे माणूस बघतोच. मांडवात कुणीतरी हसलं. मागून जुनीच्या जागी आणलेल्या तिसऱ्या बसचं दार वाजलं. बाजा उतरला. त्याने हँडब्रेक ओढलेला सगळ्यांना ऐकू आला होता, कारण त्याच्या बसमध्ये गाणं नव्हतं आणि काचा उघड्या होत्या. तो दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "उतर. मी पाठ बघून गेलो होतो."

दुसरीचा ड्रायव्हर उतरला. रुळापर्यंत गेला. दोन्हीकडे बघितलं, थोडा लाजत, जसं कुणी भर रस्त्यात तोंड धुवावं तसं. परत येऊन बस काढली. मग बाजाने स्वतःसाठी पुन्हा तेच केलं. त्याने दुसऱ्याच्या नजरेवर विश्वास ठेवला नाही, स्वतः चालत गेला.

रेल्वे आली नाही. भोंगासुद्धा ऐकू आला नाही. तिन्ही बस पलीकडे गेल्या आणि साहेबांना बोलायला जागा मिळाली. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा. एवढा तमाशा केलात. होती का गाडी?"

"नव्हती," गादीवाले म्हणाले. "पण नव्हती हे तुम्हाला कुणी सांगितलं? तो उतरला, त्यानं."

साहेब वळले आणि फलकाचा पडदा त्यांनी स्वतःच ओढला. गादीवाल्यांनी तिकडे पाहिलं नाही. ते लेकीपाशी उभे होते. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही बोललात." ते म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नको, म्हणेल इतकी वर्षं काय झोपला होतात." आणि दोघांना एकदम रडू आलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण कारखाना दुसऱ्या दिवशीही चालू असतो. लेक दुसऱ्या आणि तिसऱ्या बसला एकदम खूण द्यायला नकार देत राहिली. प्रत्येक बस थांबवायची, प्रत्येक वेळी पुन्हा बघायची, मगच सोडायची. शिफ्टला उशीर होतो म्हणून तक्रारी आल्या. तक्रार करणाऱ्यांत त्या बायकाही होत्या ज्यांना तिच्या आईने ओढून बाहेर काढलं होतं. याचा गादीवाल्यांना सगळ्यात जास्त राग आला, साहेबांपेक्षाही. काकू तेवढ्या भांडल्या, म्हणाल्या, उशीर झाला तर पगार कापला जातो, घाई केली तर आपण. कुणी ऐकलं नाही. लेकीला पॅकिंगला पाठवलं आणि तिच्या जागी एक नवीन बाई आली. गरजू, शांत, सांगितलं तेवढं करणारी. गादीवाल्यांनी तिला लाल रेक्झिनचा झेंडा शिवून दिला. तिने घेतला, पण भीतभीत.

बाजा रोज उतरतो. बाकीचे दोघे ड्रायव्हर त्याला म्हणतात, डॉक्टरनं चालायला सांगितलंय वाटतं. तो म्हणतो, हो, तुम्हालाही सांगतील, पण तेव्हा उचलून नेतील.

रेल्वेची माणसं येऊन मोजमाप करून गेली. फाटक होईल किंवा रस्ता खालून नेतील, असं म्हणाली. रस्ता कारखान्याचा की गावाचा, हे ठरल्यावर. कारखाना म्हणतो फाटक रेल्वेने करायचं, रेल्वे म्हणते अर्ज रस्त्याच्या मालकाने करायचा, आणि मालक कोण हे अजून कुणाला सापडलेलं नाही. बाजाने सांगितलेलं चौकशीत नोंदवून घेतलंय, पण कारखान्याने आपलं म्हणणं मागे घेतलेलं नाही. तिथे अजूनही तिने हिरवा दाखवला आहे.

गादीवाले दर आठवड्याला साहेबांच्या दारात जाऊन उभे राहतात. शिपाई आता त्यांना खुर्ची देतो, चहा देतो, आणि साहेब नाहीत असं सांगतो. ते चहा घेत नाहीत. दुसऱ्या बसवर आणि तिसऱ्या बसवर क्लीनर अजून नेमलेला नाही.